मामा, नोटिशीत काय मागितलंय आणि आपल्याकडं किती दिवस आहेत

मामा, नमस्कार.

काल रात्री पाठवलेले नोटिशीचे फोटो आज कोर्टातून आल्यावर नीट वाचले. तीन पानं आहेत. दुसऱ्या पानाच्या कडेला तुमच्या अंगठ्याची सावली पडलीय, पण सगळं वाचता आलं. फोनवर तुम्ही नुसतं 'जेल, जेल' म्हणत होता आणि मामी मागून रडत होत्या, त्यामुळं कोणाचंच कोणाला ऐकू जात नव्हतं. म्हणून लिहूनच पाठवते. सावकाश वाचा, मग दादालाही वाचायला द्या.

आधी हे की, हा कोर्टाचा कागद नाही. दुकानदाराच्या वकिलानं पाठवलेला आहे. त्यावर केस नंबर नाही, कोर्टाचा शिक्का नाही. केस अजून दाखलच झालेली नाही. पण तिला नुसती धमकीही समजू नका. चेक न वटल्याची 138 ची केस करायची तर अशी लेखी मागणी आधी करावीच लागते. ती त्यांनी केलीय, आणि वेळेत केलीय. चेक 4 फेब्रुवारीला परत आला, नोटीस 20 फेब्रुवारीची आहे. त्यांना बँकेकडून कळल्यापासून 30 दिवस असतात. तिथं आपल्याला बोट ठेवायला जागा नाही.

पहिल्या पानावर आहे ती त्यांची बाजू: जून 2025 मध्ये तुम्ही सोयाबीनचं बियाणं, खत आणि फवारणीची औषधं उधारीवर नेली, त्या येण्यापोटी 10 जानेवारी 2026 चा 1,85,000 रुपयांचा चेक दिला, त्यांनी तो 2 फेब्रुवारीला लातूरच्या त्यांच्या बँकेत भरला आणि 'अपुरी शिल्लक' असा शेरा मारून तो परत आला. दुसऱ्या पानावर कलमांची जंत्री आहे, ती सोडून द्या. खरी गोष्ट तिसऱ्या पानावर आहे, जशीच्या तशी उतरवते:

"तरी सदर नोटीस मिळालेपासून 15 दिवसांचे आत धनादेशाची रक्कम रुपये 1,85,000/- (अक्षरी रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार फक्त) आमचे अशिलास अदा करावी. तसेच सदर रकमेवर द.सा.द.शे. 18 टक्के दराने व्याज व नोटीस खर्च रुपये 5,000/- अदा करावा. अन्यथा आपणाविरुद्ध योग्य ती फौजदारी व दिवाणी कारवाई करण्यात येईल व त्याच्या खर्चास व परिणामास आपण जबाबदार राहाल."

म्हणजे मागण्या तीन आहेत, पण वजन तिघींचं सारखं नाही. 138 कलमासाठी चेकवर लिहिलेला आकडाच मोजतात. व्याज आणि वकिलाचे पाच हजार ही त्यांची वेगळी मागणी, ते हवे असतील तर दिवाणीत मागावे लागतील. ते दिले नाहीत म्हणून 138 चा गुन्हा होत नाही. तिन्ही रकमांची खिचडी करून एकच आकडा मागितला असता, तर नोटिशीलाच धक्का बसला असता. यांनी चेकची रक्कम वेगळी मांडलीय. वकील जुना दिसतो.

खाली एका ओळीत फसवणुकीचं 318(4) कलमही घातलंय. जुन्या 420 च्या जागी आता ते आहे. मामी घाबरल्या त्या बहुधा हीच ओळ वाचून. अशी ओळ बऱ्याच नोटिशींत ठेवून दिलेली असते. उधारी थकली म्हणजे फसवणूक झाली असं होत नाही, सुरुवातीपासून बुडवायचाच इरादा होता हे दाखवावं लागतं. तुमचं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसानं शेतातच कुजलं, हे अख्ख्या शिवारानं पाहिलंय.

आता दिवस. लिफाफा तुम्ही 24 फेब्रुवारीला सही करून घेतला. मिळाल्याचा दिवस धरत नाहीत, मोजणी 25 पासून. पंधरावा दिवस येतो बुधवार, 11 मार्च. फेब्रुवारी 28 दिवसांचा आहे, बोटांवर मोजताना चुकू नका, मी दोनदा मोजलंय. नोटिशीवरची 20 तारीख मोजणीत येत नाही. तो लिफाफा मात्र फेकू नका. पोस्टाची तारीख त्याच्यावरच आहे.

11 मार्चपर्यंत पैसे गेले तर 138 ची केस उभीच राहत नाही. नाही गेले, तर 12 मार्चला त्यांना केस करायचा हक्क मिळतो आणि तिथून एक महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. ते होतं 12 एप्रिल, पण तो रविवार आहे, म्हणून सोमवार 13 एप्रिल धरून चला. उशीर झाला तरी सबळ कारण दिलं तर कोर्ट तो माफ करू शकतं, त्यामुळं 'महिना उलटला, सुटलो' असं गावात कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. केस चालेल लातूरला. तुमची बँक औशाची असली तरी, ज्याला चेक दिला त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट धरतात. 2015 पासून तसं आहे.

नोटिशीला उत्तर दिलं नाही तर काय, हे तुम्ही तीनदा विचारलं. उत्तर न देणं हा गुन्हा नाही. गुन्हा ठरतो तो मुदतीत पैसे न देण्यानं. नुसतं उत्तर पाठवून पैसे दिले नाहीत तरी केस होऊ शकते, आणि उत्तर न पाठवता पैसे भरले तर केस टळते. पण गप्प बसण्याची किंमत पुढं कोर्टात मोजावी लागते. चेकवरची सही तुमची आहे म्हटल्यावर तो देण्यापोटीच दिला होता असं कोर्ट आधी धरून चालतं, आणि तसं नव्हतं हे दाखवायचं काम तुमच्याकडं येतं. त्यात उलटतपासणीत पहिला प्रश्न हा येतो, 'तुमचं म्हणणं खरं होतं तर नोटीस मिळाल्यावर का नाही सांगितलं?' सुप्रीम कोर्टानं 2010 च्या रंगप्पा खटल्यात असं मौन आरोपीच्या विरुद्ध धरलंय.

केस झालीच तर समन्स येईल. 138 जामीनपात्र आहे, नोटिशीवरून पोलीस दारात येत नाहीत. वॉरंट निघतं ते समन्स मिळूनही तारखेला न जाणाऱ्यावर, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक तिथंच अडकतात. पेरणी, लग्न, देवीची यात्रा, काहीतरी निघतं आणि तारीख चुकते. गुन्हा नाकबूल केल्यावर कोर्ट चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला सांगू शकतं. तुमच्या चेकवर ते 37,000 पर्यंत जातं, निकालाच्या आधीच. दोषी ठरलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड म्हणजे 3,70,000 पर्यंत, किंवा दोन्ही. ही वरची मर्यादा झाली, प्रत्येकाला तेवढी शिक्षा होते असं नाही. कोणत्याही टप्प्यावर तडजोड करता येते, पण जितकी उशिरा तितकी महाग.

मामी म्हणाल्या, 'घ्यायलाच नको होती नोटीस, पोस्टमनला परत धाडायची.' त्यानं काही झालं नसतं. पत्ता बरोबर असला आणि घेणाऱ्यानं नकार दिला, तरी नोटीस पोचली असंच धरतात. उलट 'घेण्यास नकार' हा शेरा कोर्टात आपल्याच अंगावर आला असता.

तुम्ही म्हणता, चेक जूनमध्ये कोरा दिला होता, फक्त सही केली होती, तारीख आणि रक्कम त्यांनी भरली. मला तुमचं खरं वाटतं. पण एवढ्यावर सुटका नाही. सही करून कोरा चेक हातात दिला की तो भरायची मुभा दिली असं कायदा धरतो. तेवढं एकच घेऊन भांडायला जाऊ नका.

नोटीस वाचताना मी थांबले ती पन्नास हजारांपाशी. डिसेंबरात दादाच्या खात्यातून युपीआयनं दुकानदाराला 50,000 गेलेत, असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात. नोटिशीत त्याचा शब्दही नाही. चेक बँकेत भरण्याआधी काही रक्कम दिलेली असेल, तर तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो भरायला हवा. पूर्ण रकमेचाच भरला, तर त्या दिवशी चेकवर होतं तेवढं देणं राहिलेलंच नव्हतं, म्हणून 138 लागत नाही. हे सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये सांगितलंय. आपल्या हातात याच्याएवढं भक्कम दुसरं काही नाही.

पण यात दोन खाचा आहेत. पैसे दादाच्या खात्यातून गेले, तुमच्या नाही. आणि मागच्या साली हरभऱ्याच्या खताची बाकी राहिली होती, हे आईनं मला सांगितलंय. दुकानदार म्हणेल, 'ते पन्नास त्या जुन्या बाकीत जमा केले.' मग मुद्दा पातळ होतो. म्हणून मला नेमकं सांगा, जुनी बाकी किती होती आणि पैसे पाठवताना दादानं शेऱ्यात काय लिहिलं होतं, की नुसतेच पाठवले? दुकानदाराच्या मेसेजमध्ये 'जमा' असा एखादा शब्द आला असेल तर तो फोन रिसेट करू नका, विकू नका, कोणाच्या हातात देऊ नका.

माझ्या मते उत्तर द्यायचंच, आणि 11 मार्चच्या आत ते तिकडं पोचलं पाहिजे. त्यात पन्नास हजारांची तारीख आणि व्यवहाराचा नंबर येईल. उरलेले 1,35,000 त्याच मुदतीत बँकेतून गेले तर सगळ्यात बरं. रोख देऊ नका, त्यांच्या मुनिमाच्या हातात तर नाहीच. सगळी रक्कम जमत नसेल तर जमेल तेवढी आणि हप्त्यांचा लेखी प्रस्ताव. फक्त त्यानं केस टळेलच असं नाही, हे मनात ठेवा. पैसे जातील तेव्हा मूळ चेक परत मागायचा, आणि येणं संपल्याचं लेखी घ्यायचं. तुम्ही स्वतः दुकानात जाऊन काही कबूल करून येऊ नका. मागच्या वेळी चहावर बसून बैलजोडीचा हिशेब कसा झाला होता, आठवतं ना?

उत्तराचा मसुदा मी माझ्या सीनिअर सरांना दाखवून घेते. त्यांनी मूळ कागद मागितलेत, फोटोवर ते सही करत नाहीत. शुक्रवारी सकाळच्या औसा-लातूर बसनं या. नोटीस लिफाफ्यासकट, तुमचं पासबुक, चेकबुकाची अर्धी पानं, दुकानाची जूनची बिलं आणि हरभऱ्याच्या वेळची वही आणा. दादाला त्याच्या खात्याचं डिसेंबरचं स्टेटमेंट बँकेचा शिक्का मारून काढायला सांगा, नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही. साडेदहाच्या आत कोर्टाच्या गेटवर पोचा, नंतर मी आत अडकते.

मामींना सांगा, डबा आणू नका, जेवण माझ्याकडंच आहे.

तुमची भाची