विषय: सकाळी येणाऱ्या पहिल्या पाण्याला वास, तीन तक्रारींनंतरही प्रश्न कायम असल्याबाबत

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, महानगरपालिका

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या सोसायटीत ४२ कुटुंबे आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सकाळी नळाला येणारे पहिले पाणी गढूळ असते आणि त्याला गटाराचा वास येतो. याबाबत ९ जून, २० जून आणि २ जुलैला तक्रार नोंदवली. तिन्ही तक्रारी 'निराकरण झाले' असा शेरा पडून बंद झाल्या, म्हणून आपल्याला त्रास देत आहे.

आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनी दखल घेतली नाही, असे मुळीच नाही. ते दोनदा स्वतः आले, एकदा तर भर पावसात. दोन्ही वेळा नमुना स्वच्छ निघाला, आणि तो खरोखरच स्वच्छ होता. अडचण वेळेची आहे, असे आम्हाला वाटते. पाणी सहाला सुटते, नमुने साडेआठनंतर घेतले गेले. वास फक्त पहिली दहा-पंधरा मिनिटे असतो.

खात्री करण्यासाठी आम्ही दुकानातून पाण्यातले क्लोरीन तपासायची ओटीची बाटली आणली आणि सलग पाच दिवस तपासले. सहा वाजून पाच मिनिटांनी भरलेल्या पाण्यात क्लोरीन असल्याचा पिवळा रंग एकदाही आला नाही. साडेसहाच्या पाण्यात पाचही दिवस आला. ही घरगुती तपासणी आहे, प्रयोगशाळेची नव्हे, याची जाणीव आहे. तरीही पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि कुठे गळती असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते, तसे इथे होत असावे अशी शंका येते. फाटकासमोर मे महिन्यात केबलसाठी रस्ता खोदला होता. तिथे आमची जलवाहिनी ड्रेनेजच्या चेंबरला अगदी लागून जाते. कारण तेच असेल असा आग्रह नाही, आपण पाहालच.

सध्या पहिले पाणी आम्ही टाकीत न घेता सोडून देतो आणि पिण्याचे उकळतो. बी विंगमधल्या दोन मुलांना गेल्या आठवड्यात जुलाब झाले. त्याचा संबंध पाण्याशी जोडण्याइतका पुरावा आमच्याकडे नाही, पण पालक घाबरले आहेत.

विनंती एवढीच की, एक नमुना सहा ते सहा-दहाच्या दरम्यान घ्यावा आणि त्यात दोष आढळल्यास चेंबरजवळ खोदून वाहिनी तपासावी. त्या दिवशी साडेपाचपासून मी फाटकाशी थांबेन. चावीवाल्या काकांशी बोलणे झाले आहे, तेही येतील. तपासणी कोणत्या दिवशी होईल ते या आठवड्यात कळवल्यास रहिवाशांना सांगता येईल.

पाच दिवसांच्या नोंदी आणि तिन्ही तक्रारींच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
सौ. देशमुख
सचिव, गृहनिर्माण संस्था

प्रत: कनिष्ठ अभियंता, माहितीसाठी. (हे पत्र देत असल्याचे त्यांना आधी फोनवर सांगितले आहे.)