पाच पिशव्या दूध

म्हापशाच्या बसस्थानकाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर सुनंदाचा चहाचा गाडा गेली बारा वर्षे उभा होता. सावंतवाडीकडून येणाऱ्या पहिल्या बसचे प्रवासी, टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या, रात्रपाळी संपवून घरी जाणारे कामगार हे तिचे पहाटेचे गिऱ्हाईक. आठच्या सुमारास भोंगा वाजवत सायकलवरून पदेर पाव टाकून जाई, आणि मग पातळ भाजी, पाव आणि मिरच्यांची भजी यांची गर्दी सुरू होई. गाड्यावर तिच्या हाताखाली दत्तू नावाचा दोडामार्गकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो कप भरी, आजूबाजूच्या दुकानांत किटली घेऊन जाई आणि सुट्टे पैसेही तोच बघे.

व्यवहारात काहीतरी बिघडले आहे हे सुनंदाच्या लक्षात आले ते पिग्मीमुळे. पतसंस्थेचे पिग्मी गोळा करणारे भाऊ रोज संध्याकाळी येत आणि ती त्यांच्या हातावर न चुकता ३०० रुपये ठेवी. चवथ झाली, दिवाळी आली आणि ३०० चे २०० झाले. नोव्हेंबर संपता संपता तर १०० रुपये काढतानाही तिला गल्ला दोनदा मोजावा लागू लागला. विशेष म्हणजे गिऱ्हाईक कमी झाले नव्हते. गाड्यापुढची गर्दी तशीच होती, दूध तर पूर्वीपेक्षा जास्तच लागत होते, आणि पर्यटकांचा हंगाम सुरू झाला म्हणजे धंदा वाढलाच असणार, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती. दूध जास्त संपते म्हणजे चहा जास्त खपतो, हा तिचा हिशेब वरवर पाहता अगदी बिनचूक वाटणारा होता. पुढे सगळी चूक निघाली ती नेमकी याच समजुतीत.

"वहिनी, कोणावर संशय घेण्याआधी पंधरा दिवस लिहून बघा," भाऊ म्हणाले. "पैसे किती आले एवढेच लिहू नका. काय काय खर्ची पडले तेही लिहा."

संशयाचा शब्द त्यांनी उगाच काढला नव्हता. आदल्याच रविवारी सुनंदाची नणंद घरी आली होती आणि तिने थेट दत्तूचे नाव घेतले होते. सुट्टे पैसे परक्या मुलाच्या हातात देतेस, मग दुसरे काय होणार, असे तिचे म्हणणे. सुनंदाने ते मान्य केले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्याचा पत्र्याचा डबा तिने दत्तूच्या बाजूने उचलून आपल्या पायाशी ठेवला. दत्तू काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो सुट्टे पैसे तिच्यासमोर मोजून, तळहात उघडा धरून देऊ लागला. हे तिला दिसत होते आणि आतून बोचतही होते.

तिने एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या चार दिवसांच्या नोंदी फारशा कामाच्या नव्हत्या, कारण रात्री थकून घरी गेल्यावर ती आठवून आठवून लिहीत असे, आणि आठवून लिहिलेले आकडे नेहमी ५० आणि १०० असे गोलच येतात. पाचव्या दिवशी तिने पद्धत बदलली. कागदी कपांची पाकिटे ५० ची असतात. गाडा उघडताना किती कप आहेत ते ती मोजू लागली आणि बंद करताना उरलेले पुन्हा मोजू लागली. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी कापली की तिचा कापलेला कोपरा एका डब्यात टाकायचा आणि रात्री ते कोपरे मोजायचे. रोख, फोनवर आलेले पैसे, उधार, फुकट दिलेला चहा आणि फाटके कप या सगळ्यांना वहीत वेगळी जागा मिळाली. पावाचे त्यातून लगेच कळले: शुक्रवारच्या बाजाराला ८० पाव कमी पडत आणि इतर दिवशी ६० मधले १० ते १२ उरत. पदेराला तसे सांगून तिने तो प्रश्न दोन दिवसांत मिटवला. पण पावाची खोट दिवसाला चाळीस-पन्नास रुपयांची, आणि तिची पिग्मी तर २०० नी खाली आली होती.

नवव्या दिवसाची नोंद तिने रात्री स्वयंपाकघरात बसून तीनदा वाचली. कप गेले २०६. चहाचे पैसे, रोख आणि फोनवरचे मिळून, १,९४०. उधार ८०. चहा १० रुपयांना, म्हणजे २०२ कपांचा हिशेब लागला. उरलेल्या चारांपैकी एक कप फाटका निघाला होता आणि तीन फुकट गेले होते: एक रस्ता झाडणाऱ्या मावशीला, एक पदेराला, एक बाजाराच्या कोपऱ्यावर फुले विकणाऱ्या म्हाताऱ्या आजींना. २०६ ला २०६. तिने मागची पाने उलटली. सातव्या दिवशी एका कपाचा फरक होता, आठव्या दिवशी तोही नव्हता.

गल्ल्यातून एक रुपयाही जात नव्हता. वही मिटून ती बराच वेळ तशीच बसून राहिली, कारण इतके दिवस तो डबा तिच्या पायाशी होता.

मग पैसे जात होते कुठे? त्याच पानावर दुधाच्या पिशव्यांचा आकडा होता: २६. इतके दिवस तिने पिशव्या आणि कप हे आकडे शेजारी शेजारी लिहिले होते, पण एकाला दुसऱ्याने भागून पाहिले नव्हते. २०६ ला २६ ने भागले तर एका पिशवीत जेमतेम आठ कप येत होते. आणि बारा वर्षे तिला तोंडपाठ असलेला हिशेब असा की एका पिशवीत दहा चहा होतात. तिने दुधाच्या केंद्रावरचे जुने कार्ड शोधून काढले. चवथीच्या आधी साध्या दिवसाला २० पिशव्या, ऑक्टोबरपासून २५. गिऱ्हाईक तेवढेच, कप तेवढेच आणि दूध मात्र पाच पिशव्या जास्त.

पुढचे तीन दिवस तिने एकेक शंका तपासून बाजूला टाकली. पिशव्या स्वतः कापल्या, आकडा आठच. दुधात पाणी किती घालतो ते तांब्याने मोजून घातले. प्रमाण नेहमीचेच होते. किटली घेऊन दुकानांत स्वतः गेली. तिथेही सांडलवंड नव्हती. चहा फार वेळ उकळून आटतो की काय, म्हणून गॅस बारीक ठेवून पाहिला, तर गिऱ्हाइकांनी चहा पाणचट झाल्याची तक्रार केली आणि कप मात्र आठाचे साडेआठसुद्धा झाले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर तिला रबर हवे होते. गाड्याच्या फळीखाली एका जुन्या कागदी कपात ती रबरे, टाचण्या आणि सुटी बटणे टाकून ठेवी. तो कप काढून तिने सहज नव्या कपांच्या चवडीशेजारी ठेवला आणि हात तसाच थांबला. दोन्ही पांढरे, दोघांवर तपकिरी पट्टा, तळ सारखाच रुंद. पण नवा कप जुन्यापेक्षा अर्ध्या बोटाने उंच होता आणि वर जरा जास्त पसरलेला होता.

"दत्तू, पाण्याची एक लिटरची बाटली भरून आण."

तिने नेहमीच्या सवयीने, कडेपासून एक बोट खाली, नवे कप पाण्याने भरायला सुरुवात केली. दहा कप भरले आणि बाटली रिकामी झाली. बाटली पुन्हा भरून तिने जुना कप घेतला. तो एकच असल्यामुळे भरायचा, बादलीत ओतायचा आणि मोजायचे, असे चालले. दत्तू मोठ्याने मोजत होता. बारा झाले आणि तेराव्याला अर्धा कप पाणी आले.

"मावशी, दर कपामागे वीस मिली," दत्तू म्हणाला.

वीस मिली म्हणजे चार चमचे. २०० कपांमागे ते चार लिटर चहा होत होते. अडीच लिटर दूध, पाच पिशव्या. पिशवीला ३० रुपये धरले तर १५० रुपये दुधाचे, आणि त्यावर जवळजवळ ४०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम चहापूड, थोडा गॅस. दिवसाला २०० रुपये. पिग्मीत कमी पडत होते तेवढेच.

कपांच्या ठोक दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले की चवथीच्या गडबडीत लहान माप संपले होते, म्हणून मोठे दिले आणि पाकिटामागे दोन रुपये कमीही लावले. सुनंदाला ते आठवले. त्या दिवशी कप स्वस्त मिळाले म्हणून ती खूश होऊन परतली होती. त्याने फसवले नव्हते. मापाकडे तिनेच पाहिले नव्हते. लहान माप आता पुन्हा आले होते. ते तिने घेतले आणि भांड्यांच्या दुकानातून बरोबर ऐंशी मिलीचे एक स्टीलचे ओगराळेही घेतले, कारण हाताच्या अंदाजावर तिचा आता विश्वास उरला नव्हता. उरलेली अकरा पाकिटे तिने शुक्रवारच्या बाजारासाठी ठेवली आणि पुठ्ठ्यावर लिहून लावले: मोठा चहा १५ रुपये.

"कप लहान केलास गो?" एका रोजच्या गिऱ्हाइकाने विचारले.

"लहान नाही केला काका. चवथीआधी हाच होता. मधे चुकून मोठा आला होता, त्यात मी बुडत होते," तिने सांगितले. काकांनी मान हलवली आणि भजी मागवली.

पहिल्या आठवड्यात पिशवीमागे साडेनऊ कप आले, दुसऱ्यात दहा. बोडगेश्वराच्या जत्रेच्या आधी पिग्मीवाल्या भाऊंच्या हातावर पुन्हा ३०० रुपये पडले.

त्याच संध्याकाळी तिने गल्ल्याचा डबा पायापासून उचलला आणि दत्तूच्या बाजूच्या फळीवर, जिथे तो पूर्वी असे, तिथे ठेवला. "मी चुकले रे," ती म्हणाली. तिने वही त्याच्याकडे सरकवली आणि आजची नोंद त्यालाच करायला सांगितली. तो फडक्याने हात पुसून, ओठ घट्ट मिटून, सावकाश लिहीत राहिला. लिहून झाल्यावर तिने पान वाचले. पिशव्या २०, कप १९८, फाटका १. फुकट या शब्दासमोर त्याने मावशी, पदेर आणि फुलवाल्या आजी अशी तीन नावे लिहिली होती आणि त्यांच्याखाली, जरा लहान अक्षरात, दत्तू, स्टीलच्या ग्लासात दोन.

सुनंदाने त्याच्या हातातले पेन घेतले आणि ती शेवटची ओळ खोडली.

"तुझा चहा लिहायचा नाही," ती म्हणाली, आणि कापलेल्या पिशव्यांच्या कोपऱ्यांचा डबा रिकामा करायला उठली.