तपासणीआधी दोन शब्द

रामराम मंडळी. उन्हात बसलेल्यांनी आधी सावलीत सरका, मग बोलतो.

मी डॉक्टर जाधव. एमबीबीएस झालो, पुढे मेडिसिनमध्ये एमडी केलं. म्हणजे शुगर, बीपी, दमा, थायरॉइड, हृदय ही माझी कामं. डोळ्यांचं ऑपरेशन मला येत नाही, दातही काढता येत नाहीत. तशी तक्रार असेल तर कुठं जायचं ते लिहून देईन, उगाच हात घालणार नाही.

आज तपासणीचे पैसे नाहीत. मी कुठल्या कंपनीची औषधं विकायला आलेलो नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहीन. तुम्हाला स्वस्त पडेल तिथून घ्या, नाहीतर सरकारी दवाखान्यात दाखवा.

रक्ताबद्दल कुजबुज कानावर आली, म्हणून स्पष्टच सांगतो. शुगरसाठी बोटातून एक थेंब लागतो. प्रत्येकाला नवी सुई, तुमच्यासमोर फोडलेली, आणि वापरली की लगेच त्या डब्यात. आधी माझ्या बोटाला टोचून दाखवतो, या पुढं, बघा. आकडा जास्त आला म्हणून लगेच 'तुम्हाला शुगर आहे' असं मी म्हणणार नाही. उपाशीपोटीची तपासणी पुन्हा करावी लागते. 126 किंवा त्याहून जास्त आली, तर मग बोलू. बीपीचंही तसंच. चालत आल्या आल्या मोजलं तर वाढलेलंच दिसणार, म्हणून पाच मिनिटं शांत बसायचं. तंबाखू खाऊन आलेल्यांनी अर्धा तास थांबायचं. होय, दादा, तुम्हीसुद्धा!

सलाईन मात्र कुणी मागू नका. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण 4.5 ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. जुलाब-उलट्यांनी अंग सुकलं असेल तर ते जीव वाचवतं, अशक्तपणावर त्याचा उपयोग नाही. सलाईन लावलं नाही म्हणून डॉक्टर कच्चा, असं वाटत असेल तर वाटू द्या.

बायकांची तपासणी पडद्यामागं होईल, सिस्टर सोबत असतील. आशाताई तर तुमच्या गावच्याच आहेत, पण त्यांच्यासमोर बोलायचं नसेल तर तसं सांगा, त्या बाहेर थांबतील, रागावणार नाहीत. सासूबाई, नवरा यांनीही बाहेरच थांबायचं. आत काय बोलणं झालं ते मला विचारू नका, मी सांगणार नाही.

एखादी तपासणी नको असेल तर नाही म्हणा. कारणही विचारणार नाही. जडीबुटी, गंडा-दोरा, दुसऱ्या डॉक्टरची गोळी, काय चालू असेल ते मात्र खरं सांगा. मी हसणार नाही, पण ठाऊक नसेल तर माझंच औषध तुम्हाला बाधू शकतं. आणि चालू असलेली बीपीची गोळी शिबिर आहे म्हणून आज चुकवली असेल, तर आत्ताच सांगा.

जुने कागद, रिकामी पाकिटं हातात ठेवा. ज्यांना धाप लागतेय किंवा छातीत दुखतंय, त्यांनी रांग सोडून थेट पुढं या. बाकीच्यांनी आशाताईंकडून नंबर घ्या.