पहिला डबा

रात्री अडीचला मंगळवार पेठेतल्या घरात फोन वाजला. आप्पांनी अंधारातच उचलला.

"आप्पा, झोपला होता काय?"

"असू दे. बोल, आशू."

जर्मनीत, लाइपझिगमध्ये तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. अश्विनीनं दुपारीच घराची किल्ली घेतली होती. सकाळी नऊला कंपनीची पहिली ऑनलाइन मीटिंग, आणि राउटरवरचा डीएसएलचा दिवा तासभर नुसता लुकलुकत होता. मोबाइलचं नेट संपत आलेलं, शेजारी ओळखीचं कुणी नाही.

"तीनदा बंद-चालू केलं. बिघडलेलाच दिलाय बघा." आवाज रडवेला.

आप्पांनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमनकी केली होती. पावसात खांबावर चढलेला माणूस घाई करत नाही.

"आधी पाणी पी. प्यालीस? आता सांग, लाइन कधीपास्नं चालू म्हणून कळवलंय?"

"आजपास्नंच."

"मग लाइन आहे, तुझ्यापर्यंत पोचली न्हाई एवढंच. दिवा लुकलुकतोय म्हंजे राउटर लाइन हुडकतोय. वायर कुठं लावलीस?"

"पलंगाजवळच्या सॉकेटला."

"दुसरं सॉकेट?"

"दिसलं नाही."

"हुडकावं लागतं. तार बाहेरनं घरात शिरती कुठनं, ते बघ. पहिला डबा तिथं असणार. पुढचे त्याच्यावरनंच ओढलेले असत्यात. मधेच कुणी तार सोडवली की मुके."

पावलांचा आवाज. मग काहीतरी जड सरकवल्याचा.

"आप्पा! दारापाशी, चपलांच्या कपाटामागं. वर पांढरा रंग फासलाय. तीन खाचा आहेत. मधे F, दोन्ही बाजूला N."

असला डबा आप्पांनी जन्मात पाहिला नव्हता. "पिन कशात बसती?"

"मधल्याच."

"मग तीच तुझी. रंग नखानं खरवड, जोर लावू नको. राउटर तिथंच आणून लाव."

"लावला."

"आता हात लावू नको. दिव्याकडं बघत बस."

दोघंही गप्प. आईनं उठून दिवा लावला आणि काही न विचारता आप्पांच्या शेजारी बसली. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

"थांबला," अश्विनी हळूच म्हणाली. "लुकलुकायचा थांबला. लागलाय."

पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला होता. थोड्याच वेळात फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा आला, नखांत पांढरा रंग, मागं न उघडलेल्या बॅगा.

"चटणीची बरणी फुटली न्हाई न्हवं?" आईनं विचारलं.

"नाही गं, टॉवेलात तशीच आहे."

"आशू," आप्पा मधेच म्हणाले, "कपाट परत लावताना भिंतीपास्नं वीतभर लांब ठेव. पिनेवर दाब यायला नको."