सराव चाचणी 7, प्रश्न 14 : पर्याय 1 का चुकला

प्रश्न : ‘नाखव्याने खलाशाला जाळे दिले.’ अधोरेखित ‘खलाशाला’ या शब्दाची विभक्ती ओळखा.
(1) द्वितीया (2) चतुर्थी (3) षष्ठी (4) सप्तमी

तुझे उत्तर : 1. बरोबर उत्तर : 2.

बाय, पेपराच्या कडेला तू पेन्सिलीने ‘कोणाला दिले? खलाशाला, म्हणून कर्म’ असे लिहिले आहेस. ते वाचले म्हणून तुझी चूक नेमकी कुठे झाली ते मला कळले. प्रत्यय तू बरोबर ओळखलास, चूक तू स्वतःला विचारलेल्या प्रश्नात आहे. ‘कोणाला?’ विचारले की कर्मही सापडते आणि संप्रदानही, कारण स, ला, ना, ते हे प्रत्यय द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे आहेत. नुसत्या प्रत्ययावरून त्यांची वाटणी होणार नाही.

आपल्या वेंगुर्ल्याच्या बोलीतही हेच आहे. ‘तेका बघ’ आणि ‘तेका पाणी दी’, दोन्हीकडे ‘तेका’च. पहिल्यात बघण्याची क्रिया त्याच्यावर होते. दुसऱ्यात देण्याची क्रिया पाण्यावर होते आणि ते पाणी त्याच्यापर्यंत पोचते. हा फरक तू लहानपणापासून बोलत आलीस, फक्त त्याला नाव दिले नव्हतेस.

म्हणून ‘दे’ धातू दिसला की आधी ‘काय दिले?’ विचार. जाळे दिले. जाळे हे कर्म. ते कर्म ज्याच्याकडे जायचे आहे तो खलाशी. कर्म ज्याला पोचवायचे तो संप्रदान, अशीच पाणिनीची व्याख्या आहे आणि संप्रदान हा चतुर्थीचा मुख्य कारकार्थ. ‘संप्रदान’ या शब्दातच ‘दान’ आहे, तेवढे लक्षात ठेवलेस तरी परीक्षेत अडणार नाहीस.

खात्री हवी असेल तर क्रियापदाकडे बघ. जाळ्याच्या जागी दोरी ठेव : ‘नाखव्याने खलाशाला दोरी दिली.’ डबा ठेव : ‘डबा दिला.’ आता खलाशी बदल : ‘नाखव्याने खलाशांना जाळे दिले.’ क्रियापद जागचे हलले नाही. म्हणजे ते जाळ्याच्या मागे जाते, खलाशाच्या नाही. हा कर्मणी प्रयोग आहे आणि त्यातले कर्म जाळेच. त्याला प्रत्यय नाही म्हणून तुझी नजर त्याच्यावरून घसरली आणि प्रत्यय असलेला शब्द तू कर्म धरलास. या प्रश्नात बहुतेक जण इथेच फसतात.

आता हे वाक्य घे : ‘नाखव्याने खलाशाला ओळखले.’ शब्द तोच, प्रत्यय तोच, पण इथे दुसरे कर्म नाहीच. ओळखण्याची क्रिया थेट खलाशावर घडते. इथे तू द्वितीया लिहिली असतीस तर पूर्ण गुण मिळाले असते.

दोघांतला फरक पारखायची मला सर्वांत आवडणारी रीत म्हणजे ‘ला’ काढून बघणे. ‘नाखव्याने खलाशी ओळखला’ हे वाक्य चालते, क्रियापद तेवढे बदलते. ‘नाखव्याने खलाशी जाळे दिले’ हे मात्र कोणी म्हणणार नाही. द्वितीयेचा ‘ला’ पुष्कळदा गळू शकतो, चतुर्थीचा इथे गळत नाही. अगदी सजीव कर्मसुद्धा त्याला वाट करून देते. ‘आईने वासरू मावशीला दिले’ हे बघ : वासराचा ‘ला’ गेला, मावशीचा राहिला. सर्वनामांवर मात्र ही रीत वापरू नकोस. ‘मी तिला ओळखले’ यात द्वितीयाच आहे, तरी ‘ला’ काढता येत नाही.

षष्ठी आणि सप्तमी या प्रश्नात नुसती भरती आहे. चा-ची-चे नाही, त-ई-आ नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण पुढच्या चाचणीत येईल. ‘मला भूक लागली’, ‘तिला बांगडे आवडतात’ यांत देणे-घेणे कुठेच नाही, तरी ‘मला’, ‘तिला’ चतुर्थीच. दुसऱ्या वाक्यात क्रियापद बांगड्यांप्रमाणे चालते, म्हणून कर्ता बांगडे. आवडणे तिच्यापाशी येऊन पोचते. तिला कर्म समजून पुन्हा पर्याय 1 कडे जाऊ नकोस.

शनिवारी वर्गात येण्याआधी ही दोन वाक्ये सोडव. विभक्ती लिहिलीस की शेजारी ‘काय?’ या प्रश्नाचे उत्तर आणि ‘ला’ काढून तयार झालेले वाक्यही लिही.

आजोबांनी बैलाला धुतले.
आजोबांनी बैलाला पेंड घातली.