'औदुंबर'वरचे प्रश्न, शुक्रवारच्या तासाआधी

एसवायच्या मुलांनो, बालकवींची 'औदुंबर' फक्त आठ ओळींची आहे, त्यामुळे 'वेळच नाही मिळाला' हे चालणार नाही. आधी दोनदा मोठ्याने वाचा, मग लिहायला बसा.

१. हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. रंग या क्रमानेच का येतात? पायवाट डोहाच्या आधी संपली असती तर कवितेचं काय झालं असतं?

२. झरा वाहतो, पायवाट 'चालली' आहे, आणि औदुंबर मात्र 'बसला'. ही क्रियापदं नुसती बघा, मग सांगा की ते बसणं तुम्हाला कसं वाटतं, निवांत, थकलेलं, की सगळ्यातून बाहेर पडलेल्या माणसासारखं?

३. 'गोड काळिमा'. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, यावर किमान एक पान हवं. काळिमा म्हटलं की आपल्याला डाग, कलंक आठवतो, मग तो गोड कसा? इथे टोन उदास आहे की शांत, की दोन्ही एकदम? आणि 'झाकळुनी' हा शब्द सोडू नका प्लीज, मागच्या बॅचने सोडला होता.

४. कवितेत माणूस दिसतो का? चार घरांचं गाव आहे, वाट आहे, पण वाटेवर कोणीच नाही. थोडक्यात लिहा.

५. 'असला औदुंबर' मधला 'असला' काढून वाचा. काय हरवलं?

'निसर्गाचं सुंदर वर्णन केले आहे' असं गाइडमधलं वाक्य दिसलं की मी मार्क कापणार. कवी १९१८ला ऐन तरुणपणी गेले हे खरंय, पण तेवढ्यावरून डोह म्हणजे मृत्यू असं ठोकून देऊ नका, ओळीतून दाखवा.