हिरवा ठिपका

रात्री दहाला आमच्या कोपरखैरण्याच्या घरात फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा राहतो. जर्मनीत ड्रेस्डेनला तेव्हा साडेपाच वाजलेले असतात आणि ताई लेक्चर आटपून सुपरमार्केटात शिरलेली असते.

"बाबा, हे स्ट्रॉबेरीचं दही. हिरवा ठिपका कुठेच नाही."

"तिकडे नसतोच तो. मागची यादी दाखव. आणि हात हलवू नकोस."

बाबांची अख्खी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत गेली, तीही क्वालिटी कंट्रोलला. घरच्या लोणच्याच्या बरणीवरही ते तारखेची चिठ्ठी चिकटवतात. आईला त्याचा वैताग. पण हल्ली ती काही बोलत नाही.

डब्याची पाठ स्क्रीनवर आली. मुंगीएवढी अक्षरं, त्यात एकच शब्द ठळक: मिल्श.

"दूध," ताई म्हणाली. "ॲलर्जीवालं सगळं ठळक छापतात इथे. अंडं, मासे लगेच दिसतात."

"गाय-डुक्कर त्या यादीत येत नाहीत. बारीक अक्षरांतलं वाच."

ताई अडखळत वाचू लागली. साखर, स्ट्रॉबेरी, स्टार्च, गेलाटिने...

"ठेव खाली."

"रंग पण आहे. ई १२०."

"किडे वाळवून काढतात तो."

आजीची जपमाळ थांबली. "दह्यात किडे?"

"रंगात, आई."

"रंग कशात आहे पण?"

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. ताईने डबा परत ठेवला. मग बीन्सचं सूप निघालं. डब्यावर नुसत्या शेंगा आणि गाजरं, यादीत मात्र स्पेक. मी शोधून सांगितलं, डुकराची चरबी. चीजवर तर दूध, मीठ आणि विरजण एवढंच.

"हे चालेल ना?"

"दूध घट्ट करायला घालतात ते रेनेट वासराच्या पोटातलं असू शकतं, आणि चीजच्या यादीत ते लिहायचं बंधन नाही तिकडे. पिवळ्यावर हिरवा व्ही आहे का बघ, पान फुटल्यासारखा."

नव्हता. शेजारच्या क्वार्कच्या डब्यावरही नव्हता. क्वार्क म्हणजे दिसायला थेट आपला चक्का, त्यामुळे आईचा जीव त्यात अडकलेला.

"त्यातही रेनेट घालतात कधी कधी," बाबा म्हणाले.

"तुम्ही जरा गप्प बसा," आई जगजवळ सरकली. "सई, साधं दही बघ. बिनरंगाचं, बिनफळाचं."

ताईने मोठा डबा उचलून उलटा केला. दूध आणि विरजण. बाबांनी चष्मा काढून स्क्रीनला नाक लावलं, पुन्हा वाचलं आणि मान डोलावली.

"घे. रात्रभर बांधून टांग. सकाळी चक्का तयार."

"कशात बांधू? माझ्याकडे पंचा नाही."

"ओढणी आहे ना पांढरी? दोनदा धुऊन घे."

"ती कॉन्व्होकेशनला ठेवलीय!"

"त्याला अजून दीड वर्ष आहे," आजी म्हणाली. "वेलची आहे का विचार तिला."